एक टीव्ही, एक कॅमेरा, एक लॅपटॉप: हायब्रिड मीटिंग रूम आठ महिने वापरल्यानंतर

आमची सहा जणांची मीटिंग रूम हायब्रिडसाठी तयार केली त्याला आता आठ महिने झाले. सामान मोजकंच आहे, 65 इंची एक टीव्ही, एक यूएसबी वेबकॅम, टेबलावर ठेवायचा स्पीकरफोन आणि ज्याची मीटिंग असेल त्याचा लॅपटॉप. एक केबल सोडली तर यातलं काहीच बदलावं लागलं नाही, पण कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे मात्र दोन-तीनदा बदललं आणि खरा फरक त्यानेच पडला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला कॅमेरा सगळे लावतात तसा टीव्हीच्या वरच्या कडेवर लावला होता. टीव्हीचा मध्य जमिनीपासून 1.6 मीटरवर होता, म्हणजे वरची कड जवळपास 2 मीटरवर, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे येतात साधारण 1.2 मीटरवर. घरून जॉईन होणारी आमची एक सहकारी तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "मला तुमचे चेहरे दिसतच नाहीत गं, नुसते भांग दिसतात." 65 इंची स्क्रीनची उंची 80 सेंटीमीटरच्या आसपास असते, त्यामुळे टीव्हीची खालची कड बरोबर 1.2 मीटरवर येत होती, मग तिथे खाली एक छोटी पट्टी ठोकून कॅमेरा त्यावर ठेवला. त्या दिवसापासून आम्ही स्क्रीनवरच्या माणसाकडे बघतो तेव्हा त्याला आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. एवढंच की समोर टेबलावर उघडा लॅपटॉप किंवा पाण्याची बाटली ठेवली की ती मध्ये येते, तो भाग मोकळाच ठेवावा लागतो.

दुसरा घोळ टेबलाचा होता. टेबल भिंतीला चिकटवलेलं, त्यामुळे पहिल्या खुर्च्या कॅमेऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर यायच्या आणि तिथे बसलेल्यांचा फक्त खांदा फ्रेममध्ये यायचा. आमच्या कॅमेऱ्यावर 90 अंश लिहिलंय, पण तो कोन तिरका, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेला निघाला, आडवा बघितला तर तो 82 च्या आसपासच भरतो (घेताना हे नक्की बघा). या कोनात अर्ध्या मीटरवर सगळी मिळून 87 सेंटीमीटर रुंदी दिसते, आणि आमचं टेबलच 1.2 मीटर रुंद, मग दोन्ही बाजूंची माणसं मावणार कशी? टेबल 70 सेंटीमीटर मागे ओढलं, पहिल्या खुर्च्या 1.2 मीटरवर गेल्या, तिथे रुंदी 2 मीटरच्या थोडी वरच मिळते आणि सहाही जण दिसायला लागले. जास्त वाइड कॅमेरा घेऊनही हे झालं असतं, पण मग टोकाला बसलेला माणूस आणखी लहान दिसला असता.

आवाजाने मात्र महिनाभर छळलं. एचडीएमआय जोडली की विंडोज बऱ्याचदा आवाज आपोआप टीव्हीकडे पाठवतं आणि माइक लॅपटॉपचाच राहतो. टीव्ही आवाजावर स्वतःचं काहीतरी प्रोसेसिंग करतो, त्यात तो थोडा उशिरा बाहेर पडतो, आणि मग मीटिंग ॲपला आपला इको नीट ओळखता येत नाही. घरून बोलणारा सारखा म्हणायचा की मला माझाच आवाज परत ऐकू येतोय, आणि आम्ही त्यालाच हेडफोन बदलायला लावायचो. खरं तर एखाद्याला स्वतःचा आवाज परत येत असेल तर गडबड समोरच्या बाजूला असते, म्हणजे आमच्याच खोलीत होती! आता स्पीकर आणि माइक दोन्हीला तोच स्पीकरफोन निवडतो आणि टीव्हीचा आवाज कायमचा बंद ठेवलाय. खोलीतल्या कुणाला स्वतःच्या लॅपटॉपवरूनही जॉईन व्हायचं असेल तर त्याने ऑडिओशिवायच व्हायचं, नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण त्याचा स्पीकर चालूच राहतो.

जी केबल बदलली ती कॅमेऱ्याची. टेबलापर्यंत न्यायला 6 मीटर केबल लागत होती म्हणून साधी यूएसबी एक्स्टेंशन लावली होती, आणि मीटिंग रंगात आली की कॅमेरा मध्येच गायब व्हायचा, लॅपटॉपमधून डिस्कनेक्टचा टुंग आवाज यायचा आणि ॲप गुपचूप लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जायचं. साधी यूएसबी 5 मीटरच्या पुढे भरवशाची नाही. सिग्नल वाढवून पुढे पाठवणारी ॲक्टिव्ह एक्स्टेंशन लावल्यापासून एकदाही तुटलं नाही.

लॅपटॉप जोडल्यावर Windows + P दाबून Extend निवडायचं. Duplicate ठेवलं तर तुमचे ईमेलचे नोटिफिकेशन सगळ्या खोलीला दिसतात, आणि नोट्स बघायलाही स्वतःची वेगळी स्क्रीन उरत नाही. मीटिंगची विंडो टीव्हीवर ओढायची, मग कॅमेरा, माइक, स्पीकर तिन्हींची नावं एकदा बघून घ्यायची, या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो.

अजून न सुटलेलं एकच, टोकाच्या खुर्चीवरचा माणूस 3 मीटरवर पडतो आणि पलीकडून त्याचे हावभाव कळत नाहीत. सध्या चारपेक्षा कमी लोक असले की सगळे पुढेच बसतो, आणि सहा असले की ज्याला जास्त बोलायचंय तो पुढच्या खुर्चीवर येतो.