आठ महिने वापरलेला मॉनिटर: पिवळा पडलेला पडदा आणि खालची पाच बटणं

पुण्याच्या तापकीर गल्लीतून घेतलेला हा २४ इंची मॉनिटर आठ महिने रोज आठ-दहा तास चालतोय. माझं काम लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या डीटीपीचं, कोथरूडला घरूनच. चित्र चांगलं आहे, डोळे दुखत नाहीत. माझी तक्रार एकच, पण मोठी: खालच्या कडेची पाच बटणं. ती दिसत नाहीत आणि मेनूच्या प्रत्येक पानावर त्यांचं काम बदलतं.

एका रात्री ब्राइटनेस कमी करायला गेलो आणि भलत्याच पानात शिरलो. काहीतरी कमी करत राहिलो, तेवढ्यात मेनू आपोआप बंद झाला. पांढरी पाटी पिवळीधमक झाली होती आणि पत्रिकेतली निळी किनार जवळजवळ काळी दिसत होती.

आधी वाटलं, केबल सैल झाली. स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाहिला, तर रंग ठीक. पण त्यावरून मॉनिटरचा दोष सिद्ध होत नाही, कारण विंडोजचं Night light चालू असलं तरी ते सहसा स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. म्हणून बायकोचा लॅपटॉप दुसऱ्या केबलने जोडला. त्यावरही पिवळंच, म्हणजे गडबड मॉनिटरच्या आतच. प्लग काढून दहा मिनिटं ठेवला, उपयोग शून्य. ही सेटिंग्ज मॉनिटर आपल्या मेमरीत जपून ठेवतो, वीज गेली तरी ती पुसली जात नाहीत.

मग दिवा लावून शांतपणे मेनू उघडला. Color मध्ये User निवडलेलं होतं, लाल आणि हिरवा १०० वर, निळा ० वर. पांढऱ्यातून निळा काढला की पिवळाच उरतो. खरं तर निळा परत आधीच्या आकड्यावर नेला असता तरी भागलं असतं. पण आणखी काय काय दाबलं गेलं याची खात्री नव्हती, म्हणून Factory Reset केलं. तिथे कर्सर आधी No वर असतो. Yes वर नेऊन मग दाबावं लागतं. मी पहिल्यांदा नुसतंच दाबलं आणि काही झालं नाही म्हणून घाबरलो.

रंग आले, पण माझी आठ महिन्यांची घडी मोडली. २८ वर ठेवलेला ब्राइटनेस पुन्हा डोळ्यांवर येणारा झाला. प्रेसच्या प्रूफशी जुळवून ठेवलेले लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे गेले, आणि मित्राकडचं रंग मोजायचं यंत्र आणून बनवलेला विंडोजमधला कलर प्रोफाइलही कुचकामी ठरला, कारण तो जुन्या आकड्यांसाठी होता. यंत्र परत आणून सगळं नव्याने जुळवण्यात एक रविवार गेला.

आता मेनूच्या प्रत्येक पानाचे फोटो मोबाईलमध्ये आहेत. OSD Timeout ६० सेकंदांवर नेलाय, त्यामुळे मधेच मेनू गायब होत नाही. पॅनेलसाठी हा मॉनिटर मी पुन्हा घेईन; पण दुकानात दुसरा पर्याय असेल, तर मागे छोटी जॉयस्टिक असलेलाच बघा.