ओईई मॉनिटर: वर्षभराच्या वापरानंतर, रिन्यूअलचं बिल हातात घेऊन

सीएनसी टर्निंगच्या लाईनवर बसवलेल्या ओईई मॉनिटरचं रिन्यूअल आलंय. ओईई म्हणजे तीन टक्क्यांचा गुणाकार: ठरलेल्या वेळातला चालू वेळ म्हणजे अव्हेलेबिलिटी, चालू वेळातला वेग म्हणजे परफॉर्मन्स आणि चांगल्या नगांचं प्रमाण म्हणजे क्वालिटी. मशिनमागे वर्षाचं भाडं आहे, त्यामुळे चूक शोधायचा हक्क मला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही.

माझा सगळा राग एकाच गोष्टीवर आहे: हा डबा परफॉर्मन्स १०० टक्क्यांच्या वर दाखवतच नाही. वर गेला की गुपचूप १०० करून टाकतो.

एका शिफ्टचा हिशेब बघा. जेवण-चहा सोडून ४५० मिनिटं ठरलेली. सेटिंग आणि इन्सर्ट बदलण्यात ७२ गेली, चालली ३७८. म्हणजे अव्हेलेबिलिटी ८४ टक्के. नग निघाले ३४०, त्यातले १० रिजेक्ट, म्हणजे क्वालिटी ९७. मशिनची एका नगाची खरी सायकल लोडिंग धरून ६० सेकंद. पण बसवणाऱ्या पोराने कॉस्टिंग शीटमधले ७५ भरले, ज्यात वाया जाणाऱ्या वेळाची सगळी सूट आधीच धरलेली असते. त्या हिशेबाने परफॉर्मन्स ११२ येतो. तो दिसला असता तर कुणीही आकडा तपासला असता. स्क्रीनवर मात्र १०० आणि ओईई साडेएक्याऐंशी. सगळे खूश!

वहीत ताळा करायला एक ओळ पुरते: चांगले नग गुणिले आदर्श सायकल, भागिले ठरलेला वेळ. ३३० मिनिटं भागिले ४५०, म्हणजे ७३ टक्के. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणतो, "सर, शंभरच्या वर गेलं की कस्टमर कन्फ्यूज होतात." अहो, कन्फ्यूज व्हावं म्हणूनच तर तो आकडा असतो!

इथपर्यंत डबा परत पाठवायच्या विचारात होतो. सायकल ६० केली आणि परफॉर्मन्स ९० वर आला. म्हणजे मशीन 'चालू' असताना ३८ मिनिटं कुठे तरी मुरत होती. डबा तीन मिनिटांपेक्षा छोटा थांबा नोंदवत नव्हता, ती मर्यादा एक मिनिटावर आणली. मग दिसलं की बोअरिंगच्या वेळी कापलेल्या धातूची लांब बर टूलला गुंडाळली जाते, ऑपरेटर दार उघडून हुकने ती काढतो आणि पुन्हा स्टार्ट मारतो. शिफ्टभर हेच. वहीत असले दीड-दोन मिनिटांचे थांबे कुणी लिहीत नाही, लिहावेत अशी अपेक्षाही नाही. दुसऱ्या चिप-ब्रेकरचं इन्सर्ट लावलं, बर तुटून पडायला लागली आणि ते थांबे बरेच कमी झाले. याचं श्रेय डब्यालाच.

मशीन का थांबलं ते नोंदवायचं कारणांचं बटण मात्र शोभेचं. घाईत प्रत्येक जण 'इतर' दाबतो. ८५ टक्के म्हणजे वर्ल्ड क्लास अशी हिरवी रेघही स्क्रीनवर आहे. आमच्यासारखं रोज सेटिंग बदलणाऱ्याला ती कशाला लावायची?

रिन्यूअल फक्त ज्या दोन मशिनपुढे माल तुंबतो त्यांचंच करतोय. बाकीच्यांचा ओईई वाढवून नुसते अर्धवट नग क्रेटमध्ये साठणार. त्यांना वही आणि कॅल्क्युलेटर पुरे. पैसे देण्याआधी अट घातली आहे, १०० ची ती मर्यादा काढा. "डेव्हलपमेंट टीमला कळवतो" असं उत्तर आलंय. चेक अजून ड्रॉवरमध्येच आहे.