बँकेची केस लागलेली असताना त्यांनी माझ्याकडून दुप्पट माल उचलला

भोसरीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला सहा वर्षं महिन्याला साधारण तीन लाखांचा माल द्यायचो. ऑगस्टमध्ये डायरेक्टरांचा फोन आला, "भाऊ, दिवाळीचं काम आहे, या वेळी दुप्पट पाठवा." पुढच्या तारखांचे चेकही दिले. जुना संबंध, मी हुरळलो. ऑक्टोबरमध्ये चेक परत आले आणि डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. माझे एकवीस लाख अडकले.

नंतर कळलं, फेब्रुवारीतच बँकेकडचं त्यांचं कर्ज थकून खातं एनपीए झालं होतं आणि एप्रिलमध्ये बँकेने एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, अर्ज टाकला होता. एनसीएलटीच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून शोधलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. मी फक्त जीएसटी नंबर तपासत बसलो.

मला वाटायचं, लिमिटेड कंपनी म्हणजे डायरेक्टर सुटला. तसं नाही. दिवाळखोरी संहितेच्या कलम ६६(२) नुसार, कंपनीवरची दिवाळखोरीची प्रक्रिया टळण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही हे डायरेक्टरला माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं असेल, आणि तरीही त्याने घेणेकऱ्यांचं नुकसान कमी करण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नसेल, तर एनसीएलटी त्याला खिशातून भर घालायला लावू शकते. नुसता धंदा तोट्यात गेला म्हणून हे कलम लागत नाही. आमचे डायरेक्टर म्हणतात, गुंतवणूकदार येणार होता. त्याचं लेखी काही असतं तर त्यांची बाजू भक्कम झाली असती. पण ऑडिटमध्ये दिसलं ते असं, की आमच्या मालातून सप्टेंबरात आलेल्या पैशांतून सख्ख्या भावाची उसनवारी फेडली गेली!

मेख अशी की या कलमाखालचा अर्ज मला करता येत नाही; तो दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलनेच करायचा. मी फॉर्म बी भरून दावा लावला, सोबत ऑर्डरी, चलनं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप तारखेनिशी जोडले. फेब्रुवारी, एप्रिल, ऑगस्ट असा क्रम कागदावर मांडला तेव्हा रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणाले, "हे आम्हाला उपयोगी पडेल." मात्र त्यातून पैसे वसूल झाले तरी ते कंपनीच्या खात्यात जातात. तारण घेतलेली बँक पुढे, आम्ही मागे.

चेकचं तेवढं वेगळं आहे. चेक परतल्यावर तीस दिवसांच्या आत नोटीस दिली होती आणि पैसे भरायची पंधरा दिवसांची मुदत कंपनी प्रक्रियेत जाण्याआधीच संपली होती. त्यामुळे कंपनीविरुद्धचा खटला थांबला, तरी सही करणाऱ्या डायरेक्टरवरचा चालू आहे. पुढची तारीख जूनची आहे.