कॉन्ट्रॅक्ट नोटवर न दिसणारे 17 रुपये 70 पैसे: ब्रोकरकडे नऊ महिन्यांनंतर

दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर कुणी 'शेअर विकला, 320 सुटले' म्हणालं की मी आता विचारतो, ब्रोकरकडचं लेजर, म्हणजे खात्याचा जमाखर्च, बघितलास का? मी स्वतः चार महिने बघितला नव्हता.

माझाच एक सौदा सांगतो. एका कंपनीचे 40 शेअर 250 ला घेतले, म्हणजे 10,000 रुपये. ब्रोकरेज 0.30 टक्के, म्हणजे 30 रुपये. एक्स्चेंजचे 30 पैसे, सेबीचा एक पैसा, आणि या तिन्हींवर मिळून 18 टक्के जीएसटी 5.46. शेअर व्यवहारावरचा सरकारी कर एसटीटी 10 रुपये, स्टॅम्प ड्युटी दीड रुपया. या दोन्हींवर जीएसटी नाही. एकूण 47.27. पुढे 258 ला विकले तेव्हा 46.91 गेले. स्टॅम्प ड्युटी फक्त खरेदीवर लागते, म्हणून विक्रीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकरने पाठवलेल्या सौद्याच्या बिलावर, ती ओळच नव्हती, आणि एसटीटी 10.32 ऐवजी पूर्ण रुपयात 10 धरला होता. दोन्ही नोटा कॅल्क्युलेटरवर ताळा करून पाहिल्या, पैशापैशाला जुळल्या.

तरीही खात्यात 17.70 कमी! ते सापडले लेजरमध्ये, 'डीपी चार्ज' नावाने. डिमॅटमधून शेअर बाहेर गेले की हा लागतो. 15 रुपये आणि वर जीएसटी. त्यातले शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीचे फक्त साडेतीन, बाकी ब्रोकरचे. म्हणजे 320 पैकी हाती आले 208.

खरी गोम पुढे आहे. हा चार्ज शेअरच्या संख्येवर नसतो, एका कंपनीला एका दिवशी एकदाच असतो. नंतर दुसऱ्या एका कंपनीचे 40 शेअर मी 'भाव चढतोय' म्हणून तीन दिवसांत 15, 15, 10 असे विकले. तीनदा 17.70, म्हणजे 53.10. एकाच दिवशी तीनदा विकले असते तरी एकदाच कापला गेला असता. शहाणपणाचं मोल!

आता एएमसी, म्हणजे डिमॅट खातं सांभाळण्याचा वार्षिक आकार. वर्षाला 300 अधिक जीएसटी, 354 कापले. 1 सप्टेंबर 2024 पासून बेसिक सर्व्हिसेस डिमॅटमध्ये चार लाखांपर्यंतच्या शेअर्सना एएमसी शून्य आहे, आणि माझे तर दीड लाखाचेही नाहीत. मग का कापले? कस्टमर केअरने तीन फोननंतर सांगितलं, तुमच्या पॅनवर दुसरं डिमॅट आहे. कॉलेजात असताना बँकेने उघडून दिलेलं, त्यात 12 शेअर पडलेले. पहिला खातेदार म्हणून सगळीकडे मिळून एकच डिमॅट असेल तरच ही सवलत मिळते.

ब्रोकरकडच्या खात्याचा तपशील असलेला क्लायंट मास्टर रिपोर्ट जोडून बँकेत ते जुनं खातं बंद करण्याचा फॉर्म भरला. 12 शेअर इकडे आले, बंद करण्याचे किंवा शेअर हलवण्याचे पैसे लागले नाहीत. त्यानंतर एएमसी कापली गेलेली नाही. डीपी चार्ज मात्र ब्रोकरकडच्या खात्यात तसाच आहे. गेल्या महिन्यात पुन्हा 17.70.

ब्रोकरला पाचपैकी तीन तारे. हिशेब चोख, पण दुसऱ्या खात्याचं पहिल्याच फोनवर सांगायला काय झालं होतं?