सुपरपोझिशनने बीमचा बाक काढणे : काही महिने वापरल्यावर

उन्हाळ्यापासून साध्या बीमचं डिफ्लेक्शन मी सुपरपोझिशननेच काढतोय. बीमवर दोन-तीन तऱ्हेचे लोड असतील तर प्रत्येक लोड एकटाच आहे असं धरायचं, त्याचं सूत्र तक्त्यातून उचलायचं आणि एकाच बिंदूवर येणारे सगळे बाक चिन्हासकट मिळवायचे. परीक्षेपुरतं हे सगळ्यांनीच केलेलं असतं. मात्र पद्धतीचा खरा उपयोग उत्तर लवकर येण्यात नाही, हे मला वेंगुर्ल्याकडच्या एका घराच्या कामात नीट दिसलं, म्हणून तेच उदाहरण घेतो.

घर चिऱ्याचं. दोन भिंतींवर आयएसएमबी २०० चे गर्डर, भिंतींमधलं अंतर ४ मीटर आणि त्यावर पोटमाळा. समुद्राकडच्या भिंतीपलीकडे प्रत्येक गर्डर १.५ मीटर बाहेर काढलेला आणि त्याच्या टोकावर पडवीचं छप्पर. एका गर्डरवर माळ्याचा कायमचा लोड मीटरला ३ किलोन्यूटन, वापराचा ५, आणि टोकावर मंगलोरी कौलांच्या छपराचे ६ किलोन्यूटन. बाहेरच्या भागाचं स्वतःचं वजन किरकोळ, ते सोडून दिलं. सेक्शनचा I २२३५ सेंमी⁴, त्यामुळे EI सुमारे ४४७० किलोन्यूटन-मीटर² येतो.

आता टोक किती खाली येईल? नवीन इंजिनिअर इथे सरळ कॅन्टिलिव्हरचं सूत्र लावतो: Pa³/3EI, उत्तर १.५ मिमी, विषय संपला. पण ते सूत्र भिंतीत घट्ट धरलेल्या बीमचं आहे. हा गर्डर भिंतीवर नुसता टेकलाय आणि आतल्या बाजूला तो वाकतोच. त्यामुळे भिंतीवर तो थोडा फिरतो आणि बाहेरचा दीड मीटर त्याच्याबरोबर फिरतो.

म्हणून टोकाच्या लोडचे दोन तुकडे करायचे. भिंतीवर येणारा मोमेंट ६ × १.५ म्हणजे ९ किलोन्यूटन-मीटर. एका टोकाला मोमेंट असलेला साधा बीम तक्त्यात असतोच, त्याचा तिथला स्लोप ML/3EI. तो येतो ०.००२६८ रेडियन. त्याला १.५ मीटरने गुणलं की टोक ४.०३ मिमी खाली. त्यात कॅन्टिलिव्हरचे १.५१ मिळवले की ५.५४ मिमी. म्हणजे जो भाग लोक विसरतात तोच मोठा निघाला.

मग माळ्याचा लोड. मधला भाग खाली वाकला की भिंतीवरचा स्लोप wL³/24EI, पण उलट दिशेने, म्हणजे टोक वर जातं. कायमच्या ३ मुळे २.६८ मिमी वर, वापराच्या ५ मुळे आणखी ४.४८ वर. माळा भरलेला असताना बेरीज केली तर ७.१६ वर आणि ५.५४ खाली, म्हणजे छपराचं वजन असूनही टोक १.६ मिमी वरच. माळा रिकामा केला की तेच टोक २.९ मिमी खाली. सगळे लोड एकदम घालून एकच आकडा काढला असता तर तो छान दिसला असता आणि काहीच कळलं नसतं.

मला ही पद्धत आवडली ती इथे. प्रत्येक लोडचा हिस्सा वेगळ्या ओळीत पडून राहतो, आणि मालकाने बेत बदलला की एकच ओळ बदलायची.

बेत बदललाच. निसर्ग आणि तौक्ते या वादळांनंतर आमच्याकडे अनेकांना कौलांची धास्ती बसलीय. घरमालक म्हणाले, "कौला काढून पत्रे घालूया. वजन कमी होतला, मगे बराच मा?" म्हटलं, "काका, वजन कमी झालं तरी वारा कमी होत नाही." पत्र्याचं छप्पर टोकावर साधारण २ किलोन्यूटन देणार. त्या उघड्या पडवीसाठी वाऱ्याची उचल ६ धरली होती, म्हणजे एकूण ४ किलोन्यूटन वरच्या दिशेने. नव्याने काही सोडवायची गरज नाही. ६ ला ५.५४ तर १ ला ०.९२, आणि ४ ला ३.६९ मिमी, वर. माळा भरलेला असेल तर ७.१६ अधिक ३.६९, म्हणजे १०.८५ मिमी. आयएस ८००:२००७ मध्ये अशा इमारतींच्या कॅन्टिलिव्हरला, तडा जाणारं फिनिश नसेल तेव्हा, लांबीच्या दीडशेव्या भागाची मर्यादा आहे, इथे १० मिमी. हलकं छप्पर मर्यादेबाहेर गेलं!

त्यातही बाक ही त्या घराची मुख्य अडचण नव्हती. माळा रिकामा आणि वारा पूर्ण, अशी जोडी घेऊन समुद्राकडच्या भिंतीवरची रिअॅक्शन काढली. कायमच्या लोडचे ६ वजा उचलीचे ५.५, उरले ०.५ किलोन्यूटन. वारा थोडा वाढला की गर्डर भिंतीवरून उचलला जाणार, आणि एकदा आधार सुटला की तक्त्यातली एकही केस त्या बीमला लागू राहत नाही. कागदावर मात्र बेरीज तशीच होत राहते, म्हणून बाकाबरोबर रिअॅक्शनचं चिन्ह मी दर वेळी बघतो. त्या भिंतीवर काँक्रीटचा बेड आणि त्यात अँकर बोल्ट घ्यायला लावले. मिस्त्री कुरकुरला, पण घेतले.

तक्रारी आहेत. पहिली तक्त्यांचीच: एकात खालचा बाक अधिक, दुसऱ्यात उणे. दोन तक्त्यांतून सूत्रं उचलली तर घोळ ठरलेला. मी चिन्हं बघतच नाही, बीम कसा वाकेल त्याची रेघ काढून "वर" किंवा "खाली" असं शब्दांत लिहितो.

दुसरी: बरेच तक्ते फक्त कमाल बाक देतात, आणि दोन लोडचे कमाल बाक एकाच जागी नसतील तर त्यांची बेरीज निरर्थक. कौलांच्या वेळचंच बघा. भरलेल्या माळ्याचा बाक मध्यावर ५.९७ मिमी खाली, टोकाच्या मोमेंटमुळे ML²/16EI प्रमाणे २.०१ वर, राहिले ३.९६ च्या आसपास. खरी कमाल जागा मध्यापासून साधारण १३ सेंमी आतल्या भिंतीकडे सरकते, पण तिथला बाक मध्यापेक्षा फक्त ०.०२ मिमी जास्त. अशा वेळी मध्य पुरतो. एकाच टोकाजवळ जड टाकी असेल तर मात्र मी सरळ मॅकॉलेकडे जातो.

खाऱ्या हवेचा हिशेब सोपा पडला. फ्लँज गंजून I सगळीकडे सारखाच दहा टक्क्यांनी घटला असं धरलं, तर प्रत्येक ओळ ०.९ ने भागायची. १०.८५ चे १२ होतात. पण गंज भिंतीत शिरलेल्या भागातच जास्त असेल, आणि चिऱ्यात ओल धरून राहते तिथे तो बहुधा तसाच असतो, तर EI लांबीभर एकसारखा उरत नाही. तिथे हे तक्ते बाजूला ठेवायचे आणि आधी प्लास्टर फोडून गर्डरची जाडी मोजायची.