कार्यालय रद्द केलं, आगाऊ रक्कम अडकली: आमच्या बाबतीत काय झालं ते वाचा

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आम्ही साताऱ्यात एक मंगल कार्यालय जेवणासह ठरवलं होतं. तारीख १८ फेब्रुवारी २०२४, एकूण २,४०,००० रुपये, त्यातले १,२०,००० आगाऊ चेकने दिले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि कार्यक्रम रद्द करण्यावाचून इलाज उरला नाही.

करारात कलम ७ स्पष्ट होतं. कार्यक्रमाच्या ९० दिवस किंवा त्याहून आधी लेखी कळवलं तर आगाऊ रकमेतले २० टक्के कापून बाकी ३० दिवसांत परत. ९० च्या आत आणि ४५ दिवसांपर्यंत कळवलं तर निम्मी रक्कम. त्याहून उशीर झाला तर काहीच नाही. आमच्यासाठी ९० दिवसांची शेवटची तारीख होती २० नोव्हेंबर.

मी ९ नोव्हेंबरला, वसुबारसेच्या दिवशी फोन केला. म्हणजे १०१ दिवस आधी. मालक फार आपुलकीनं बोलले. "काका, आधी बाबांकडे बघा. पैसे कुठे पळून जातायत? दिवाळी होऊ द्या, मग निवांत ऑफिसात या." माणूस भला वाटला. खरं तर फसवणूक तिथूनच सुरू झाली होती, पण दवाखान्याच्या धावपळीत माझ्या ते लक्षात आलं नाही. २० तारीख हातातून कधी निघून गेली, कळलंसुद्धा नाही.

२४ तारखेला ऑफिसात गेलो. टेबलावरच्या मुलानं छापील अर्ज पुढे केला आणि म्हणाला, "परताव्यासाठी एवढी सही लागते." मी सही केली. घरी येऊन फोटो नीट पाहिला तेव्हा वर छापलेलं दिसलं: 'कार्यक्रम पुढे ढकलण्याबाबत विनंती'. आठवड्यानं उत्तर आलं, की लेखी सूचना ८६ दिवस आधी मिळाली, म्हणून निम्मी रक्कम कापली. आणि तुम्ही रद्द केलेलं नाही, पुढे ढकललंय, म्हणून उरलेले ६०,००० रोख मिळणार नाहीत, वर्षभरात दुसऱ्या कार्यक्रमात वळते होतील.

आम्हाला वाचवलं ते माझ्या मुलीनं. ९ तारखेलाच संध्याकाळी तिनं मालकांना व्हॉट्सॲप केला होता: 'आज फोनवर कळवल्याप्रमाणे १८ फेब्रुवारीचा कार्यक्रम रद्द करत आहोत. कलम ७ प्रमाणे परतावा द्यावा.' खाली त्यांचं उत्तर होतं, 'ओके ताई, काळजी घ्या.' फोनवरचं बोलणं सिद्ध करणं कठीण असतं, पण हे दोन ओळींचं लेखी होतं, तारखेसकट. तुम्हाला कुठेही काही रद्द करायचं असेल तर समोरचा कितीही गोड बोलो, त्याच दिवशी असं लिहून पाठवा, आणि त्यात 'रद्द' हाच शब्द वापरा.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, त्या अर्जावरची सही ही आपली कमजोर बाजू आहे, म्हणून पत्रात तारखा क्रमानं मांडा. १२ डिसेंबरला पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं: करारातलं कलम ७, सूचना ९ नोव्हेंबरची, कार्यक्रमाला तेव्हा १०१ दिवस बाकी, कपात २४,०००, देय ९६,०००, परताव्याची मुदत ९ डिसेंबरला संपली. २४ तारखेचा अर्ज परताव्यासाठी लागतो असं सांगून घेतला, रद्द करण्याची सूचना त्याआधीच पोचली होती. रक्कम १५ दिवसांत द्यावी. सोबत करार, चेकची बँकेतली नोंद आणि मेसेजचा फोटो जोडला.

उत्तर आलं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जानेवारीच्या शेवटी मालकांनी बोलावून ६०,००० चा चेक पुढे केला, सोबत पावती: 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली'. यावेळी मी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. ती ओळ खोडून लिहिलं, 'अंशतः रक्कम मिळाली, उर्वरित ३६,००० ची मागणी कायम', आणि मगच सही केली. बरीच कुरकुर झाली, पण चेक मिळाला. छापील ओळीखाली सही केली असती तर पुढचं भांडण तिथंच संपलं असतं.

१८ फेब्रुवारीला मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. कार्यालयाच्या दारात झेंडूची कमान आणि दुसऱ्याच घरच्या लग्नाची पाटी होती. तारखेसकट फोटो काढला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप पूर्ण मिळत नाही. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मागता येते. तारीख पुन्हा विकली गेली असेल तर नुकसान किती झालं, हा प्रश्न त्यांना विचारता येतो.

उरलेल्या ३६,००० साठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सोबत तो छापील अर्जही जोडलाय, माझ्या सहीसकट.