रिफंडची मुदत रविवारी संपली, बॅच सोमवारी सुरू झाली

२७,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे 'किती गेले गं तुझे?' हे विचारायला कुणाला फोन करावा लागणार नाही. ३,५०० 'सीट लॉक'चे आणि २४,००० त्याच रात्री बाराच्या आत. एका खासगी मॅडमच्या जर्मनच्या ऑनलाइन क्लासला.

मी स्टाफ नर्स आहे, कोथरूडला एका हॉस्पिटलमध्ये. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून आमच्या वॉर्डात जर्मनशिवाय दुसरा विषय नाही. जर्मनच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. नर्सला तिकडे नोंदणीसाठी साधारण बी२ पातळी लागते, त्याच्या आधी बी१ पार करावी लागते. त्यामुळे पुण्यात गल्लोगल्ली जर्मन शिकवणारे उगवले आहेत. त्यातले बरेच चांगलेही आहेत, म्हणून तर माणूस फसतो.

जाहिरात आमच्या नर्सिंगच्या ग्रुपवर आली. एकच सुबक चित्र. ए१ ते बी१, चार महिने, आठवड्याला चार दिवस, रोज दीड तास. अभ्यासक्रमाची आठ पानांची पीडीएफ. मोफत नमुना वर्ग, रविवार ८ जून २०२५, सकाळी ११. बॅच सोमवार १६ जूनपासून. आणि खाली हिरव्या पट्टीत: '१००% रिफंड, ७ दिवसांत, एकही प्रश्न न विचारता.'

आता ती पीडीएफ परत उघडली की हात शिवशिवतात. आर्टिकल्स, अकुझातिव, डातिव, परफेक्ट, पासिव, सगळं ओळीने लिहिलंय, पण एकाही मुद्द्यापुढे किती तास ते नाही. पुस्तक कोणतं, कुठल्या आठवड्यात कितवा धडा, काही नाही. मॅक्स म्युलर भवनची बी१ ची परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि बोलणं अशा चार भागांची असते आणि प्रत्येक भागात १०० पैकी ६० लागतात. त्या परीक्षेच्या सराव चाचण्या किती घेणार, याची एक ओळसुद्धा नाही. ती कुठल्याशा पुस्तकाची अनुक्रमणिका उचलून आपला लोगो चिकटवलेली होती, हे मला नंतर वॉर्डातल्या सिनियर सिस्टरने पुस्तक समोर ठेवून दाखवलं.

आणि हिशेब तर शाळेतल्या पोरानेही केला असता. सोळा आठवडे, आठवड्याला सहा तास, म्हणजे ९६ तास. ४५ मिनिटांची तासिका धरली तर १२८ तासिका. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, स्वतः सांगतं की एकट्या ए१ ला ८० ते २०० तासिका लागतात आणि बी१ पर्यंत पोचायला ३५० ते ६५०. म्हणजे ज्या वेळात जेमतेम ए१ होतं तेवढ्यात ही बाई बी१ विकत होती. कुठलाही भाषेचा कोर्स घेताना महिने मोजू नका, तास मोजा. 'चार महिने' ऐकायला भरपूर वाटतं.

पण नमुना वर्ग! तो मात्र अप्रतिम होता, हे कबूल करावंच लागेल. मॅडम स्वतः आल्या. टेबलावर खरा चमचा, खरा काटा, खरी सुरी. एकेक उचलून दाखवत म्हणाल्या, 'डेर लोफेल, दी गाबेल, दास मेसर. चमचा पुरुष, काटा बाई, सुरी नपुंसक! इंग्रजीवाले इथे रडतात. आपण मराठी माणसं रडत नाही, कारण तो-ती-ते आपल्या घरातलंच आहे.' मी नाइट करून आले होते, डोळे मिटत होते, तरी खाडकन जागी झाले. तासाभरात मला स्वतःची ओळख जर्मनमध्ये करून देता येत होती. अशा शिक्षिकेला पैसे देताना कोण मागेपुढे पाहील?

वर्ग संपता संपता फीची पाटी आली. मूळ फी ४२,०००, आज रात्री १२ पर्यंत २७,५००. 'आता ३,५०० भरून सीट लॉक करा, पुढच्या बॅचला ही फी मिळणार नाही.' चॅटमध्ये भराभर 'पेड मॅम', 'डन मॅम'. त्यातल्या कितीजणी खऱ्या होत्या, देव जाणे. बॅच सुरू झाली तेव्हा त्यातली बरीच नावं दिसलीच नाहीत.

आणि आता ती जागा, जी आठवली की अजून झोप उडते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, एकाच चित्रावर. पैसे भरायचे ८ ला, बॅच १६ ला, रिफंड ७ दिवसांत. हे ७ दिवस पहिल्या तासापासून नाहीत, पैसे भरल्यापासून आहेत. ८ अधिक ७ म्हणजे १५. मुदत रविवारी रात्री संपते आणि पहिला तास सोमवारी होतो! बरं, पीडीएफच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आणखी एक अट: रिफंड मागायला किमान तीन तासांना हजेरी आणि गृहपाठ जमा केलेला हवा. म्हणजे मुदतीच्या आत मागायला गेलात तर हजेरी नाही, आणि हजेरी भरेपर्यंत मुदत गेलेली. ८ तारखेला पैसे भरलेल्या एकाही माणसाला, काहीही केलं तरी, तो रिफंड मिळूच शकत नव्हता. ३,५०० तर वेगळेच, ते 'प्रोसेसिंग' म्हणून कधीच परत नाहीत.

बारा तास ड्यूटी करून आलेल्या बाईने रात्री पावणेबाराला पीडीएफचं आठवं पान भिंग लावून वाचायचं होतं का? ज्यांना वाटतं की वाचायला हवं होतं, त्यांनी आपल्या गॅसच्या किंवा विम्याच्या अटी कधी वाचल्या ते आधी सांगावं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर मॅडमचं नाव आलं नाही, क्लासचंही नाही. कुण्या तिसऱ्याच पुरुषाचं नाव आलं. मी मेसेज करून विचारलं. 'ते आमचे अकाउंट्सवाले आहेत डियर.' नवरा शेजारी बसला होता, तो म्हणाला, 'अगं, मिस्टर असतील तिचे.' झालं, टाकला पिन. कोर्स एकाचा आणि खातं दुसऱ्याचं असेल तर तिथेच फोन ठेवून द्या.

सोमवारी १६ ला 'ओरिएंटेशन'. मॅडम नाहीत, एक मुलगी नियम वाचून दाखवत होती. मंगळवारी लिंक उघडली नाही. गुरुवारी नमुना वर्गाचंच रेकॉर्डिंग लावलं, तोच चमचा, तीच सुरी. शुक्रवारी २० तारखेला पुण्यात पालख्या आल्या म्हणून तास रद्द. ऑनलाइन तास! माउलींच्या पालखीने माझं वाय-फाय अडवलं होतं का?

पुढच्या आठवड्यापासून एक मुलगा शिकवायला आला. पोरगा बिचारा सालस, पण ए२ पास. तो पीडीएफ वाचून दाखवायचा. एकदा 'माइने मुटर हिल्फ्ट मिर' असं वाक्य आलं, माझी आई मला मदत करते. मी विचारलं, इथे 'मिर' का, 'मिष' का नाही? म्हणाला, 'ताई, ते तसंच असतं, पाठ करा.' 'हेल्फेन', म्हणजे मदत करणे, या क्रियापदाला डातिवच, म्हणजे आपल्या चतुर्थीसारखी विभक्तीच लागते आणि 'मिर' हे तिचंच रूप, हे एका वाक्यात सांगता येतं. मला ते फुकटच्या व्हिडिओत कळलं. नमुना वर्ग कोण घेतो ते बघू नका. चालू असलेल्या बॅचच्या मधल्याच एखाद्या तासाला बसू द्या म्हणावं, आणि रोज कोण शिकवणार ते लेखी मागावं. नाही म्हणाले तर उत्तर मिळालंच.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, 'मॅम, अॅज पर पॉलिसी विंडो १५ ला क्लोज झाली.' मी जरा आवाज चढवला तर 'पुढच्या बॅचचं क्रेडिट देतो.' मी ग्रुपवर लिहिलं तर पाच मिनिटांत ग्रुपमधून बाहेर. जुने मेसेज त्यांच्या बाजूने पुसलेले. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते म्हणून निदान काहीतरी उरलं. पैसे भरायच्या आधीच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, भांडण झाल्यावर काही सापडत नाही.

मग सुरू झाली खरी वारी. चौकीत गेले. साहेबांनी अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. 'शिकवतायत ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.' अहो, १००% रिफंड लिहून जो मिळणं अशक्य अशी अट घातली, ती फसवणूक नाही? 'मॅडम, तुम्हीच वाचलं नाही.' पोच मागितली तर म्हणे शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब बंदोबस्ताला. सायबरवाल्यांकडे गेले तर, 'ओटीपी दिला का? लिंकवर क्लिक केलं का? नाही ना? मग सायबर कसं होणार?' म्हणजे मी थोडा जास्त मूर्खपणा केला असता तर माझी तक्रार घेतली असती! बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, 'पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?' प्रत्येकजण दुसऱ्याचा पत्ता देतो, आणि प्रत्येकाची जेवणाची सुट्टी बरोबर माझा नंबर आला की होते. रजा माझ्या जातात. क्रेडिट कार्डाने भरले असते तर बँकेकडे निदान वाद तरी घालता आला असता. यूपीआयने स्वतः पाठवलेल्या पैशांना तीही सोय नाही.

ग्राहक आयोगाचा कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या पावतीवर काय आहे? लोगो, फुलांची नक्षी आणि 'थँक यू'. पत्ता नाही, पूर्ण नाव नाही. माझं सगळं तिथेच अडकलंय. म्हणून फी भरण्याआधी पूर्ण नाव आणि राहता पत्ता असलेली पावती मागा. घरातून शिकवणारी प्रामाणिक बाई ती आनंदाने देईल. आणि फी महिन्याची महिन्याला द्या, एकरकमी सवलत गेली खड्ड्यात.

जून २०२५ च्या त्या बॅचमधलं कुणी असेल तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पीडीएफचं शेवटचं पान जपून ठेवा. अनेकांना मिळून एकच तक्रार करता येते. आणि कुणाकडे तिचा खरा पत्ता असेल तर तो आधी मला कळवा.